घर, सहा महिन्यांचा कोर्स की युरोप? आधी काय, मग काय?

मोगरा

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याने राहतो. मी २९, नवरा ३२. तो चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, हातात ५८ हजार. मी इ अँड टीसीची इंजिनियर, पण काम करते कस्टमर सपोर्टचं, हातात ३४ हजार. भाडं १९, सासरी ८, आणि बाकी घरखर्च मिळून महिन्याला ६२ हजार जातात. ३० हजार उरतात. आजवरची शिल्लक साडेनऊ लाख, त्यातले बहुतेक एफडीत, थोडे म्युच्युअल फंडात. डोक्यावर कर्ज नाही.

इच्छा तीन. एक, रावेतला टू बीएचके, बांधकाम चालू आहे, करार ६२ लाखांचा होईल असं बिल्डरचा माणूस म्हणाला. दोन, मला सीडॅकचा सहा महिन्यांचा पीजी डिप्लोमा करून सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटमध्ये जायचंय. फी लाखाच्या आसपास, पण पूर्णवेळ असल्यामुळे नोकरी सोडावी लागेल. तीन, प्रवास. नवऱ्याला युरोप करायचाय, दोघांचे साडेचार लाख धरलेत.

रोज रात्री जेवताना यावर चर्चा होते आणि रोज क्रम बदलतो. काल घर पहिलं होतं, आज कोर्स. तुम्ही काय केलं असतं?

पंत वाकडकर

घर. यात विचारण्यासारखं काय आहे? भाडं म्हणजे पाण्यात पैसा. १९ हजार दर महिन्याला दुसऱ्याच्या कर्जाचे हप्ते फेडताय तुम्ही. आम्ही वाकडला घेतलं तेव्हा लोक हसत होते, आता त्याच बिल्डिंगमध्ये भाव विचारून बघा. युरोप कुठे पळून जात नाही. कोर्स ऑनलाइन होतो. जागा मात्र दरवर्षी महाग होते. शिवाय पीएम आवासची २ लाख ६७ हजारांची सबसिडी मिळते ती वेगळीच. आजच टोकन देऊन टाका.

सुरवंट

पंत, ती २ लाख ६७ हजारवाली जुनी योजना २०२२ मध्येच संपली. नवीन शहरी योजनेत व्याजाची सवलत १ लाख ८० हजारांपर्यंत आहे, पण घर ३५ लाखांच्या आतलं आणि घरचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत लागतं. हे दोघं हातातच ११ लाख आणतात. त्यामुळे तो विषय बाद.

पंत वाकडकर

बरं, सबसिडी सोडा. मुद्दा तोच राहतो.

बाजीरावाचा घोडा

मी सांगू का, फ्लॅट-बिट काही नको. मी साताऱ्याजवळ तीन गुंठे घेतले ४ वर्षांपूर्वी, रस्त्याला लागून. एनए नाही पण होईल म्हणतात. तुमच्या साडेनऊ लाखांत आरामात बसेल. पैसा कुठे गुंतवावा हा प्रश्न असेल तर जमिनीसारखं दुसरं काही नाही.

मोगरा

घोडेदादा, गुंतवणूक कुठे करू हा प्रश्न नाहीये हो. तीन गोष्टी करायच्यात आणि पैसे एकीपुरतेही धड नाहीत, तर रांग कशी लावायची हे विचारतेय.

सुरवंट

(आणि एनए नसलेले तीन गुंठे घेताना सातबारावर नाव लागलं का, ते एकदा बघा दादा. वेगळा धागा काढा, बोलू.)

जुना खातेदार

मोगरा, मी राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या धाग्यात आकडे दिलेत म्हणून लिहितो, नाहीतर अशा प्रश्नांवर फक्त मतं पडतात.

आधी घराचा हिशोब पूर्ण करू. ६२ लाखांच्या करारावर बँक जास्तीत जास्त ८० टक्के देईल, म्हणजे ४९ लाख ६० हजार. उरलेले १२ लाख ४० तुमचे. मुद्रांक शुल्क तुमच्या भागात ७ टक्के, ४ लाख ३४ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असलेलं घर आणि किंमत ४५ लाखांच्या वर, म्हणून जीएसटी ५ टक्के, ३ लाख १० हजार. इथवर २० लाख १४ हजार झाले. आणि किचन ट्रॉली, ग्रिल, पंखे, सोसायटीची अनामत याला तीन लाख तरी धरा. तेवीस लाख रोख लागतील. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, हे बिल्डरचा माणूस कधी सांगत नाही.

तुमच्याकडे साडेनऊ आहेत. पण ते सगळे वापरता येत नाहीत. महिन्याचा खर्च ६२ हजार, तर सहा महिन्यांचे साडेतीन-पावणेचार लाख हात न लावता ठेवायला हवेत. म्हणजे घराला हाताशी सहा लाख. १७ लाखांची तूट आहे आणि ती महिना ३० हजारांनी भरायला पावणेपाच वर्षं लागतात. पगारवाढ, एफडीचं व्याज धरलं तर थोडी आधी.

याचा अर्थ नीट बघा. रोज रात्री तुम्ही घर विरुद्ध कोर्स असं भांडताय, पण घर यंदा येतच नाहीये. पुढच्या वर्षीही नाही. ज्याची पाळी चार वर्षांनी येणार ते आज रांगेत पहिलं उभं केल्याने काही फरक पडत नाही, फक्त बाकीचे दोघं अडकून राहतात.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. समजा आईवडिलांकडून, पीएफमधून पैसे उभे करून घर आत्ताच घेतलं. ४९ लाख ६० हजारांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ४३ हजारांच्या पुढे जातो. आज दर थोडा कमी मिळेलही, पण दर बदलता असतो, हिशोब चढ्या दराने करावा. दोघांच्या ९२ हजारांत ४३ म्हणजे ताणून बसतं. एकट्या ५८ हजारांत बसत नाही. म्हणजे घर घेतल्या दिवसापासून तुमची नोकरी सोडायची सोय संपली. कोर्स आधी केला तर घर नंतर घेता येतं. घर आधी घेतलं तर कोर्स पुढची सात-आठ वर्षं विसरा. आवड कशाची जास्त आहे हे नंतर बघा, आधी हे बघा की कोणती गोष्ट केल्याने दुसरीचं दार बंद होतं.

मोगरा

काका, हे वाचून नवऱ्याला लॅपटॉपच दिला वाचायला. तेवीस लाखांचा आकडा आम्ही कधी काढलाच नव्हता. आम्ही १२-१३ लाख जमले की घर, असं धरून चाललो होतो.

पंत वाकडकर

खातेदारसाहेब, हिशोब मान्य. पण अर्धाच आहे. पाच वर्षं थांबल्यावर ते घर ६२ ला मिळणार आहे का? वर्षाला ५ टक्के वाढ धरली तरी चार वर्षांत ७५ च्या पुढे. मग वीस टक्के १५ लाख होतात, मुद्रांक शुल्कही वाढतं. ही माणसं पैसे जमवत पळतायत आणि शर्यतीची रेघही पुढे पळतेय.

जुना खातेदार

पंत, हा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही. लक्ष्य सरकतं. म्हणून १७ लाखांच्या तुटीत आणखी चार-पाच लाख धरावे लागतील. पण पगारही तिथेच थांबत नाहीत. आणि "भाडं पाण्यात" हे मात्र पटत नाही. १९ हजार भाडं म्हणजे वर्षाला २ लाख २८ हजार. त्याच घराच्या कर्जाचं पहिल्या वर्षीचं नुसतं व्याज ४ लाखांच्या वर आहे, आणि मेंटेनन्स, कर वेगळे. पाण्यात कोण जास्त टाकतंय? घर घ्यावं, जरूर घ्यावं, पण भाड्याच्या रागाने घेऊ नये.

आणखी एक. बांधकाम चालू असलेल्या घरात ताबा मिळेपर्यंत भाडंही द्यावं लागतं आणि जेवढं कर्ज उचललंय त्याचं व्याजही. ताब्याच्या आधीच्या शेवटच्या काही महिन्यांत कर्ज जवळपास पूर्ण उचललेलं असतं, तेव्हा व्याज ३५ हजार आणि भाडं १९ हजार, दोन्ही एकदम. आणि ताबा लांबला तर हे महिने वाढतात. माझ्या टेबलावर हप्ते थकवणारे जे जोडपे यायचे, त्यांतले बरेच याच काळात अडकलेले असायचे.

सुरवंट

आता कोर्सबद्दल लिहितो, कारण खातेदार काकांनी त्याला सोपं धरलंय असं वाटतं. मी आयटीत आहे, भरतीच्या मुलाखती घेतो.

मोगरा, कोर्सची किंमत एक लाख नाही. सहा महिने पगार नाही आणि नंतर नोकरी लागेपर्यंत आणखी चार महिने धरा. दहा महिन्यांचे ३ लाख ४० हजार. फी धरून ४ लाख ४० हजार. म्हणजे जवळजवळ नवऱ्याच्या युरोपएवढाच खर्च, फक्त तो दिसत नाही.

आता परतावा. सीडॅकच्या प्लेसमेंटला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या तुम्हाला फ्रेशर म्हणूनच बघतील. सपोर्टमधली तुमची वर्षं त्या धरणार नाहीत, उलट काही ठिकाणी पदवीनंतरचं अंतर विचारतील, दहावी-बारावीचे टक्के विचारतील. हातात ४५ हजारांची नोकरी लागली तर महिन्याला ११ हजार वाढले, ४ लाख ४० हजार वसूल व्हायला ४० महिने. लागली ३५ ची, तर सुरुवातीला काहीच वाढलं नाही, फक्त रस्ता बदलला. तीन-चार वर्षांनी डेव्हलपरचा पगार सपोर्टपेक्षा बराच पुढे जातो हे खरं, पण पहिली उडी छोटी असू शकते हे धरून चाला.

अनामिका७

सुरवंट, एवढं घाबरवू नका. माझी बहीण ३१ व्या वर्षी सीडॅकला गेली, पुण्यातच, आज छान चाललंय तिचं. कष्ट मात्र बेसुमार. सकाळी साडेआठला जायची, रात्री लॅब संपवून यायची, त्यानंतर असाइनमेंट. घरातलं काहीही करता यायचं नाही तिला. मोगराच्या नवऱ्याची सहा महिने स्वयंपाक करायची तयारी आहे का, हे आधी विचारा.

सुरवंट

घाबरवत नाहीये, किंमत सांगतोय. उलट एक स्वस्त परीक्षा उपलब्ध आहे. सीडॅकची प्रवेश परीक्षा, सी-कॅट, द्या. फॉर्मला पंधराशेच्या आसपास लागतात आणि नोकरी न सोडता देता येते. वर्षातून दोन बॅच असतात, एक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, एक ऑगस्टच्या. रँक चांगली आली आणि पुण्यातलं हवं ते केंद्र मिळालं तर पुढचा विचार करा. रँक खाली गेली तर दूरचं किंवा कमी प्लेसमेंटचं केंद्र मिळतं, मग ४ लाख ४० हजारांचा जुगार खेळू नका.

आणि परीक्षेच्या आधी तीन महिने रोज रात्री दोन तास सी++ आणि डेटा स्ट्रक्चर करून बघा. तेवढं झेपलं नाही किंवा कंटाळा आला तर कोर्स हे ध्येय नव्हतंच, सपोर्टच्या कामाचा कंटाळा होता. त्यावर उपाय वेगळा, नोकरी बदला. त्याला एकही रुपया लागत नाही.

मोगरा

सुरवंट, शेवटचं वाक्य जरा लागलं. पण विचार करते.

घाटावरची

मोगरा, प्रवासाबद्दल कोणीच बोलत नाहीये. सगळ्यांनी गृहीत धरलंय की तो शेवटचा. तुमच्या यादीत फक्त युरोपच आहे का?

मोगरा

खरं सांगायचं तर नाही. आईला केदारनाथ-बद्रीनाथ करायचंय. ती ६४ ची आहे, गुडघे दुखतात, डॉक्टर म्हणाले दोन-तीन वर्षांत एक गुडघा बदलावा लागेल. पण ती कधी तोंडाने मागत नाही, "तुमचं घर होऊ दे आधी" म्हणते. म्हणून यादीत लिहिलं नाही. बाबा नाहीत, भाऊ दुबईला.

घाटावरची

मग तुमच्या "प्रवास" या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. युरोप पाच वर्षांनी केला तरी चालेल, तेव्हा तिकीट थोडं महाग असेल एवढंच. आईच्या केदारनाथला मुदत आहे. पाच वर्षांनी पैसे असतील, गुडघे नसतील.

मी दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेले होते. गौरीकुंडपासून चढ १६ किलोमीटरहून जास्त आहे, त्यांच्याने चालणं शक्यच नव्हतं. घोडा हा पर्याय लोक सांगतात, पण गुडघेदुखीवाल्या माणसाला चार-पाच तास घोड्यावर बसवू नका, उतरताना तर जास्त हाल होतात. पालखी किंवा हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर गुप्तकाशी, फाटा, सेरसी इथून उडतं आणि बुकिंग फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरून करायचं. त्या नावाच्या खोट्या साइट खंडीभर आहेत, व्हॉट्सॲपवर पैसे मागणारा प्रत्येक जण ठग समजा. यात्रेची नोंदणी आधी करावी लागते, ती झाल्याशिवाय हेलिकॉप्टरचं तिकीट निघत नाही. केदारनाथचं मंदिर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतं, भाऊबीजेला बंद होतं. मधले पावसाळ्याचे महिने टाळा, दरडी कोसळतात आणि ढगांमुळे उड्डाणं रद्द होतात. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर चांगला. एक दिवस हातचा राखून ठेवा, हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही आणि तुम्ही खाली लॉजवर बसून राहता.

तिघांचा खर्च, हरिद्वारपर्यंत रेल्वे, पुढे गाडी, राहणं आणि हेलिकॉप्टर धरून लाखभर येईल.

जुना खातेदार

घाटावरची, तुम्ही माझं काम सोपं केलंत. एक लाख म्हणजे या घरासाठी सव्वातीन महिन्यांची शिल्लक. घर पाच वर्षांवर असताना ते तीन महिने पुढे गेलं तर काय बिघडलं? मी तर हे पहिल्या नंबरला टाकीन, आणि यंदाच.

पंत वाकडकर

आईच्या यात्रेला माझाही विरोध नाही. तेवढं मी पण धरतो.

तळ्याकाठी

मला एक विचारायचंय, आगाऊ वाटलं तर सोडून द्या. २९ आणि ३२ वय आहे. मूल? कारण ते यादीत नाहीये आणि सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात कडक मुदत तीच आहे. कोर्स, नवीन नोकरी, लगेच बाळंतपणाची रजा, हा क्रम मी ऑफिसात पाहिलाय. नवीन कंपनीत बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं नसेल तर पगारी प्रसूती रजेचा कायद्याने हक्क मिळत नाही.

मोगरा

आगाऊ नाही, पण ते इथे नको बोलायला. घरात ठरवतोय. ८० दिवसांचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

अनामिका७

+१, तो विषय मोगराचा आहे. पण तळ्याकाठीचा मुद्दा हिशोबात धरावा लागेल, इथे लिहिला नाही तरी.

सुरवंट

अजून एक बाब खातेदार काका सांगतील म्हणून वाट बघत होतो. कोर्ससाठी शैक्षणिक कर्ज काढलं तर? साडेनऊ लाखांना हात लावायला नको.

जुना खातेदार

काढू नका. एक लाखाच्या फीसाठी कर्ज म्हणजे कागदपत्रांचा खटाटोप. आणि खरा खर्च पगार बुडण्याचा आहे, त्याला शैक्षणिक कर्ज मिळत नाही. लोक मग पर्सनल लोन काढतात. त्याचा हप्ता चालू असताना गृहकर्ज मागायला गेलात की बँक तो हप्ता आधी वजा करते आणि उरलेल्या पगारावर पात्रता काढते. महिना १० हजारांचा दुसरा हप्ता असेल तर याच दरा-मुदतीला गृहकर्जाची पात्रता साडेअकरा लाखांनी कमी होते. सहलीसाठी कर्ज काढणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

दुसरं, नोकरी बदलल्याबरोबर गृहकर्जाला जाऊ नका. बँक सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट आणि सहसा दोन वर्षांचे फॉर्म १६ मागते. मधे दहा महिने पगार नसेल तर तुमचं उत्पन्न धरायला अधिकारी कांकूं करतो. म्हणून कोर्स आणि घर यांच्यात दीड-दोन वर्षांचं अंतर राहिलं तर बरं. तुमच्या बाबतीत ते आपोआप राहतंय.

आता तुमचा हिशोब सलग मांडतो. हातात साडेनऊ. यंदा आईची यात्रा, एक लाख. सी-कॅटची तयारी चालू, नोकरी चालू, शिल्लक चालू. रँक लागली आणि गेलात तर दहा महिने घरात ५८ हजार येतील आणि ६२ जातील. म्हणजे महिन्याला चार हजारांची खोट, दहा महिन्यांत ४० हजार, आणि फी एक लाख. तोवर सहा-सात महिन्यांची शिल्लक जमा झालेली असेल, दोन लाखांच्या आसपास. म्हणजे कोर्स संपून नोकरी लागेल तेव्हा तुमच्याकडे पुन्हा नऊ लाखांच्या आसपास असतील. आपत्कालीन पैशाला हात लागत नाही. हे फक्त तेव्हाच खरं, जेव्हा नवऱ्याची नोकरी त्या दहा महिन्यांत पक्की असेल. चाकणमध्ये कंपनीची ऑर्डर घटली, ओव्हरटाइम बंद झाला, असं काही दिसत असेल तर ती बॅच सोडा आणि पुढच्या बॅचला जा. सहा महिन्यांनी दुसरी आहेच.

घर त्यानंतर चार-साडेचार वर्षांनी. पंतांची रेघ पुढे सरकलेली असेल. तेव्हा रावेतऐवजी पुनावळ्याच्या पुढे बघावं लागेल, किंवा बांधकाम चालू असलेल्या घराऐवजी ताबा मिळालेलं जुनं घर. भोगवटा प्रमाणपत्र आलेल्या घराला जीएसटी लागत नाही, तीन लाख तिथेच वाचतात.

पंत वाकडकर

म्हणजे शेवटी घराला बसवलंतच मागच्या बाकावर. मला हे पटलेलं नाही. यांनी आज ४० लाखांचं वन बीएचके घ्यावं. जीएसटी १ टक्का, हप्ता २८ हजारांच्या आत, नवरा एकटा ओढू शकतो, कोर्सही होईल. याचा कोणी हिशोबच केला नाही.

जुना खातेदार

पंत, हा खरंच विचार करण्यासारखा पर्याय आहे. ४० लाखांना ८० टक्के ३२ लाख, हप्ता २७ हजार ८००. स्वतःचे आठ लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून तीन लाख दहा, जीएसटी ४० हजार. साडेअकरा लाख. शिल्लक साडेनऊ. दोन लाख कमी पडतात आणि आपत्कालीन पैसे शून्य. सात महिने थांबलात तर साडेअकरा जमतात, पण हात रिकामा तो रिकामाच. त्यात मोगराने नोकरी सोडली तर ५८ हजारांत हप्ता २८, सासरी ८, उरले २२. घरखर्च तुमचा ३५ हजार आहे. ताबा मिळून भाडं बंद झालं असलं तरीही महिन्याला १३ हजार कमी. नवरा एकटा ओढू शकतो असं नाही.

तरी दीड-दोन वर्षांनी, कोर्स नकोच ठरला तर, हाच पर्याय मी पहिला तपासीन.

पंत वाकडकर

चला, काहीतरी मान्य केलंत.

मोगरा

सगळ्यांचे आभार. काल रविवारी दोघं बसलो. आईचं ठरलं, ऑक्टोबर. भाऊ अर्धे देतो म्हणाला, मी विचारलं नव्हतं, वहिनीने हा धागा वाचला. सी-कॅटची तयारी सुरू केली आहे, ही बॅच नाही, पुढची बघते. एफडीतून साडेतीन लाखांची वेगळी पावती केली, तिच्यावर नवऱ्याने मार्करने "हात लावू नये" लिहिलंय.

युरोपवरून मात्र अजून वाद आहे. तो म्हणतो की सगळं मुदतीवर ठरवलं तर ज्याला मुदत नाही ते कधीच होणार नाही. त्याला मी काय उत्तर देऊ कळत नाही.

घाटावरची

त्याचं म्हणणं खोटं नाही. महिन्याला तीन हजारांची आरडी त्याच्या नावाने लावून द्या. साडेचार लाख व्हायला नऊ-दहा वर्षं लागतील, पण व्हिएतनाम तीन वर्षांत होईल.

मोगरा

व्हिएतनाम सांगितलं. "बघू" म्हणाला. त्याच्या "बघू"चा अर्थ नाही असा असतो.

तळ्याकाठी

आरडी लावताना घराचे तीन हजार कमी होतात, तेवढं पंतांना सांगू नका.

नवाकोरा

उशिरा आलो. खातेदार काका, बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते ना? म्हणजे यांचे ६२ हजार वाचतील. पण मग नवऱ्याचा पगार कर्जाला धरतात का?

जुना खातेदार

मिळते, पण खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच हव्यात. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. पूर्वी असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली. नवरा मालक नसूनही सहकर्जदार होऊ शकतो, त्याचा पगार धरला जातो. मग हप्ता तो भरणार आणि घर तिचं, हे दोघांनी मान्य करून कागदावर यायला हवं. जुन्या करपद्धतीत राहणार असाल तर आणखी एक पाहा. गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मालकालाच मिळते, त्यामुळे हप्ता भरूनही नवऱ्याला ती मिळणार नाही. नवीन पद्धतीत स्वतः राहत्या घराला ती तशीही नाही.